तरतरीच्या तासाला कोणतं काम?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात एक प्रयोग झाला. काही निरोगी तरुण माणसांना प्रयोगशाळेत शांतपणे आठ तास झोपू दिलं आणि जाग आल्याबरोबर त्यांच्यासमोर दोन अंकी संख्यांच्या बेरजा ठेवल्या. त्यानंतर त्याच माणसांना सव्वीस तास जागं ठेवलं आणि जागरणाच्या त्या काळातही तशाच बेरजा करायला लावल्या. निष्कर्ष २००६ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आले. रात्रभर जागलेल्या डोक्यापेक्षाही गाढ झोपेतून नुकतंच उठलेलं डोकं जास्त ढिलं पडलं होतं. पहिली काही मिनिटं सर्वांत वाईट होती. नंतर गाडी बरीच रुळावर आली, पण बारीकसा परिणाम दोन तासांपर्यंत मोजता येत होता.

झोपेनंतरच्या या जडपणाला शास्त्रात झोपेचं जडत्व म्हणतात. मेंदू विजेच्या दिव्यासारखा एका बटणावर सुरू होत नाही. त्याचे वेगवेगळे भाग पुढेमागे जागे होतात, आणि बेत आखणारा, दोन गोष्टींतून एक निवडणारा पुढचा भाग उशिरा कामाला लागतो. म्हणजे नेमकी ज्या वेळी बहुतेक माणसं दिवसाची यादी करायला बसतात, त्या वेळी यादी करणारा कारकून अजून कचेरीत पोचलेलाच नसतो.

सकाळच्या कामांच्या यादीची गोची इथूनच सुरू होते. यादी सहसा दोनपैकी एका पद्धतीनं होते. एक तर जसं सुचेल तसं लिहायचं, किंवा महत्त्वाचं वर आणि किरकोळ खाली. दोन्हींत एक प्रश्न सुटतो: हे काम करायला डोकं किती जागं असावं लागतं? विजेचं बिल भरणं महत्त्वाचं आहे, न भरलं तर दंड पडतो. पण ते पेंगुळलेला माणूसही भरू शकतो. उलट भावाला पाठवायचं वाटणीचं पत्र आज पाठवा की आठवड्यानं, फरक पडत नाही. पण ते जांभया देत लिहिलं तर पुढची दहा वर्षं निस्तरावं लागतं. यादीतला क्रम लावताना महत्त्वाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, विचार या दुसऱ्या गोष्टीचा व्हायला हवा.

दिवसभरातल्या तरतरीची चढउतार दोन गोष्टींवर चालते. स्वित्झर्लंडमधले संशोधक अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ साली तिची मांडणी केली आणि झोपेचा अभ्यास करणारे आजही तीच वापरतात. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा साचत जाणारा दाब. जागं झाल्या क्षणापासून मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य जमत जातं आणि जितकं जास्त जमेल तितकी झोप ओढते. चहा-कॉफीतलं कॅफीन या अडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. दाब मात्र मागे साचतच असतो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. सूर्यप्रकाशावर तो आपली वेळ लावून घेतो आणि दिवस चढेल तसा शरीराला जागं ठेवण्याचा जोर वाढवत नेतो.

सकाळी दाब कमी असतो आणि घड्याळाचा जोर वाढत असतो. मधल्या प्रकारच्या माणसांना त्यातून उठल्यानंतर दोनेक तासांनी चांगला टप्पा मिळतो आणि तो दुपारच्या जेवणाच्या आसपास संपतो. दुपारी एक ते चारच्या दरम्यान एक घसरण येते. तिचा सगळा दोष वरणभाताला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पोटभर जेवणानं ती वाढते हे खरं, पण जेवण न दिलेल्या माणसांतही ती दिसली आहे. संध्याकाळी पुन्हा एक चढ येतो. तो ताकदीच्या कामांना चांगला, कारण शरीराचं तापमान तेव्हा सर्वांत वर असतं.

हे ‘मधल्या प्रकारच्या’ माणसांचं झालं. सगळे तसे नसतात. हॉर्न आणि ऑस्टबर्ग या दोघांनी १९७६ साली एकोणीस प्रश्नांची एक प्रश्नावली केली. तिच्यावरून माणूस पहाटेचा, मधला की रात्रीचा, हे ठरवता येतं. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांनी पुढे हजारो लोकांच्या झोपेच्या नोंदी जमवल्या. वयात आल्यावर मुलांचं घड्याळ उशिराकडे सरकत जातं, विशीच्या सुमारास ते सर्वांत उशिरा असतं आणि मग हळूहळू परत लवकर येऊ लागतं, असं त्यांना दिसलं. साडेचारला उठून देवपूजा आटोपलेली आजी आणि नऊ वाजता अंथरुणात असलेला कॉलेजातला नातू यांच्यातलं रोजचं भांडण निदान अर्धं तरी या सरकण्याचं आहे. नातवाचा उरलेला अर्धा भाग मोबाइलचा, हे आजीचं म्हणणंही खोटं नाही.

म्हणून यादीचा क्रम दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही. पुण्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी कितीतरी मुलं कुण्या यशस्वी उमेदवाराचं ऐकून पाचला उठतात. झोपायची वेळ मात्र एकचीच राहते. या मुलांना चांगले तास मिळत नाहीत, फक्त जडत्वाचे तास लांबतात.

आपले तास ओळखायचे कसे? शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांवरच्या अभ्यासांत वापरलं जाणारं एक साधं साधन इथे पुरतं. स्वीडनमध्ये तयार झालेली ही कॅरोलिन्स्का मोजपट्टी १ ते ९ अशी आहे. १ म्हणजे पूर्ण तरतरीत, ९ म्हणजे जागं राहायला झगडावं लागतंय. दोन-दोन तासांनी त्या क्षणाचा आकडा वहीत टाकायचा, चहाच्या आधी टाकायचा, आणि हे दहाएक दिवस करायचं. एकदोन दिवसांच्या नोंदीवर जाऊ नये. रात्री पाहुणे आले किंवा पोर आजारी पडलं की आकडे बिघडतात. दहा दिवसांत मात्र एक नक्षी दिसायला लागते.

पण फक्त वाटण्यावर विसंबण्यात एक खोट आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात काही जणांना सलग चौदा दिवस रोज सहा तासच झोपू दिलं. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची लक्ष देण्याची आणि आठवण ठेवण्याची क्षमता सबंध रात्रीचं जागरण केलेल्यांइतकी घसरली होती. आश्चर्य पुढे आहे. ‘किती झोप येतेय?’ या प्रश्नाला ती माणसं ‘थोडीशी’ असंच उत्तर देत राहिली. कमी झोपेची सवय झाली की माणसाला आपण तरतरीत आहोत असं वाटतं, काम मात्र तसं होत नाही. त्यामुळे आकड्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: त्या दोन तासांत काय काम केलं आणि त्यात चुका किती निघाल्या. आकडा ३ आणि चुका भरपूर, असं वारंवार दिसलं तर दोष यादीच्या क्रमाचा नसतो. झोप अपुरी आहे आणि कोणताही क्रम लावून ती भरून निघणार नाही.

तास कळले की कामं वेगळी करायची. इथे एक कसोटी उपयोगी पडते. काम करताना मध्येच कुणी पाच मिनिटं बोलून गेलं, तर परत त्याच जागी यायला किती वेळ लागतो? कपडे घडी घालताना व्यत्यय आला तर पुढची घडी लगेच सुरू होते. बँकेतल्या नोंदी वहीत उतरवताना बोट ठेवलेलं असलं तर अर्ध्या मिनिटात सूर सापडतो. प्रश्नपत्रिका काढताना, करार वाचताना, हिशेब जुळवताना मात्र दहा मिनिटं जातात, कारण कागदावर नसलेल्या चारपाच गोष्टी डोक्यात धरलेल्या असतात आणि त्या सांडतात. ही शेवटच्या जातीची कामं तरतरीच्या तासांची. त्यांची संख्या लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. बहुतेक घरांत आणि कचेऱ्यांत दिवसाला एक, फार तर दोन.

एक उदाहरण सविस्तर पाहू. व्यक्ती कल्पित आहे, कामं खरी आहेत. समजा, नाशिकला राहणारी एक बाई घरून सहासात दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब पाहते. दर महिन्याच्या १४ तारखेला सरकारी संकेतस्थळावर जीएसटीआर-२बी हे पत्रक तयार होतं. दुकानदाराला माल देणाऱ्यांनी कोणकोणती बिलं दाखवली आहेत, ते त्यात असतं. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बी भरायची मुदत सर्वसाधारणपणे २० तारीख. मधल्या पाचसहा दिवसांत २बी आणि दुकानातली खरेदीची नोंदवही ओळीनं ओळ जुळवायची असते. दुकानदारानं भरलेल्या कराची वजावट त्यावर ठरते. एका बिलाच्या नंबरात शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ पडलेला असतो, एक बिल दोनदा चढलेलं असतं, कुठे राज्याबाहेरच्या खरेदीचा कर राज्यातल्या खरेदीच्या रकान्यात जाऊन बसलेला असतो. बेरीज कधी कधी तरीही जुळते, म्हणून चूक लपते.

तिची जुनी यादी कुणालाही ओळखीची वाटेल. पावणेसहाला उठणं, डबे, मुलीची शाळा. नऊला टेबलाशी बसली की आधी दुकानदारांच्या व्हॉट्सॲप संदेशांना उत्तरं, मग त्यांनी पाठवलेले बिलांचे फोटो उतरवून घेणं, त्यांना नावं देणं, बँकेच्या नोंदी, दोनचार फोन. हे सगळं उरकलं की ‘आता निवांत’ म्हणून जेवण झाल्यावर अडीचला जुळवणी. नोंदवहीत आकडे असे पडले: सकाळी सहाला ७, आठला ४, दहाला ३, बाराला ४, अडीचला पुन्हा ७, पाचला ४. म्हणजे दिवसातले उत्तम तास फोटोंना नावं देण्यात जात होते आणि एकमेव डोकेफोडीचं काम पहाटेइतक्या पेंगुळलेल्या वेळी येऊन पडत होतं. कामात आळस कुठेच नव्हता, नुसत्या क्रमानं घात केला होता.

नव्या यादीचा पहिला भाग रात्रीच लिहिला जातो. त्यात निर्णय एकही नसतो. भाजी कोणती ते ठरलेलं, ती चिरून ठेवलेली, गणवेश बाहेर काढलेला. सकाळी फक्त खूण करत पुढे जायचं: कुकर, पोळ्या, डबे, पाण्याची बाटली, मुलीला बसपर्यंत पोचवणं. ‘आज डब्यात काय?’ हा प्रश्न पहाटे सहाला पडू द्यायचा नाही, एवढीच या भागाची अट. वैमानिकांच्या यादीचा जन्मही काहीसा असाच झाला. १९३५ साली बोइंगचं एक नवं विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. उड्डाणाआधी शेपटाचे पंख अडकवून ठेवणारी कडी सोडायची राहिली होती, आणि विमान चालवणारे कसलेले होते. त्यानंतर उड्डाणाआधीची यादी लिहून ठेवण्याची रीत पडली. डोक्यावर विसंबू नये अशा वेळेसाठी ती आहे.

साडेसात ते पावणेनऊ आंघोळ, नाश्ता, गच्चीवर किंवा रस्त्यावर उजेडात थोडं फिरणं. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो, म्हणून हा वेळ वाया गेला असं समजू नये. नऊला जुळवणी. कोणत्या दुकानापासून सुरुवात, हेही आदल्या संध्याकाळी ठरलेलं असतं: सर्वांत गुंतागुंतीचं दुकान पहिलं. दोन्ही पत्रकं उघडून ठेवलेली, आणि कागदावर एक ओळ, ‘बिल ४७ पासून पुढे’. सव्वादहाला उठून मशीनमधले कपडे वाळत घालायचे, पाणी प्यायचं, पंधरा मिनिटांनी परत बसायचं.

ही मधली सुट्टी चैनीची नाही. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांच्या सुमारे वीस लाख चाचण्यांचे गुण संशोधकांनी तपासले आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. चाचणीची वेळ दर तासानं पुढे गेली तसे गुण किंचित घसरत गेले, आणि वीस-तीस मिनिटांच्या सुट्टीनंतर घेतलेल्या चाचणीत ते परत वर आले. फरक बारीक होता, हे सांगायलाच हवं. एखाद्या मुलाचा वर्ग बदलावा इतका तो नाही. पण सुट्टीनं झालेली वाढ एका तासाच्या घसरणीपेक्षा मोठी होती. आपल्या शाळांत गणिताचा तास सकाळी लावायची जी जुनी वहिवाट आहे, तिच्या बाजूनं ही साक्ष पडते.

साडेअकरानंतर तिचे फोन आणि संदेश. दुपारी जेवणानंतर फोटोंना नावं, बँकेच्या नोंदी, कागद लावणं. ही कामं आकडा ७ असतानाही होतात. झालीच चूक तर पुढच्या पायरीवर सापडते. पाचच्या चढाला सकाळच्या जुळवणीवर दुसरी नजर, आणि कर भरायची चलनं. खात्याकडून एखादी नोटीस आली तर तिचं उत्तर मात्र नऊच्या जागी येतं आणि त्या दिवशी जुळवणी मागे सरकते. दोन जड कामं एकाच सकाळी बसवायचा मोह टाळलेला बरा, दुसरं हमखास अर्धवट राहतं.

पहिल्याच आठवड्यात हे मोडतं ते एका ठराविक ठिकाणी. दहाला दुकानदारांचे फोन सुरू होतात. दुकान उघडलं की त्यांना विचारायची घाई असते, आणि गिऱ्हाइकाला ‘नंतर’ म्हणणं सोपं नाही. यावर चालणारा उपाय रुक्ष आहे: सगळ्यांना एकदा सांगून टाकायचं की साडेअकरा ते एक फोन नक्की उचलला जाईल. लोकांना लगेच उत्तर हवं असतं असं नाही, उत्तर कधी मिळेल ते कळलेलं हवं असतं. तरी एखादा फोन येतोच. उचलण्याआधी त्या ओळीवर पेन्सिलीची खूण केली की परतीचे दहा मिनिटं दोनवर येतात.

दुसरं मोडतं ते जास्त फसवं. नऊला बसताना वाटतं, आधी दोनचार बारीकसारीक उरकून टाकू म्हणजे मन मोकळं होईल. बारीक कामांवर पटापट खुणा होतात, बरं वाटतं, आणि अकरा वाजतात. म्हणून यादी नीट लागली की नाही हे खुणा मोजून कळत नाही. एका जुळवणीवर जितक्या वेळात एक खूण होते, तितक्यात किरकोळ कामांच्या बारा होतात. मोजायचं ते दुसऱ्या नजरेत सापडलेल्या चुका, आणि एका दुकानाला लागलेला वेळ. दोन महिन्यांच्या २० तारखा शेजारी ठेवल्या की उत्तर मिळतं.

सगळीच डोक्याची कामं मात्र या नियमात बसत नाहीत. मेरीके विथ आणि रोज झॅक्स या दोघींनी २०११ साली चारशेहून जास्त विद्यार्थ्यांना दोन प्रकारची कोडी घातली. काही पायरीपायरीनं सुटणारी, काही एकदम ‘अरेच्चा!’ म्हणत सुटणारी. दुसऱ्या प्रकारची कोडी विद्यार्थ्यांनी आपल्या गैरसोयीच्या वेळी जास्त सोडवली. पहाटेच्या पक्ष्यांनी रात्री, रात्रीच्यांनी सकाळी. स्पष्टीकरण असं दिलं जातं की थकलेलं लक्ष इकडेतिकडे भटकतं आणि भटकताना आडवाटेचा दुवा हाती लागतो. लग्नपत्रिकेचा मजकूर, दुकानाचं नाव, कवितेची सुरुवात असली कामं साडेतीनच्या पेंगेला ठेवून पाहायला हरकत नाही. जुळवणी नव्हे.

आणि ज्यांचे तास दुसऱ्याच्या ताब्यात आहेत त्यांचं काय? डोंबिवलीहून पावणेआठची लोकल पकडणाऱ्याचा नऊचा चढ दरवाज्याजवळ उभं राहण्यात जातो. कारखान्यातल्या फिरत्या पाळीवाल्याचं घड्याळ दर आठवड्याला उलटं होतं, आणि त्याच्या नोंदींत नक्षी सापडायच्या आत पाळी बदलते. त्याला ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे, हे मान्य करावं. लोकलवाल्याला थोडा वाव आहे. कचेरीत दहाला पोचल्यावर पहिला पाऊण तास टपाल आणि ईमेल पाहण्यात घालवण्याऐवजी जड काम तिथे आणायचं, आणि साहेबांना विनंती करून रोजची बैठक साडेअकराची दोनवर ढकलता आली तर पाहायचं. बैठकीत बरेच जण ऐकत असतात, त्यामुळे पेंग तिथे खपून जाते. तान्ह्या मुलाच्या आईला मात्र दहा दिवसांची नोंद वगैरे सांगूच नये. तिच्या यादीत रात्री लिहिलेला, निर्णय नसलेला पहिला भाग तेवढा ठेवावा, आणि नऊच्या जागी, बाळ झोपलं तर, झोप लिहावी.

नोंद एकदा करून कायमची पुरत नाही. मुलांच्या परीक्षा संपून मे महिन्याची सुट्टी लागली की घर उशिरा झोपतं आणि उशिरा उठतं. उकाड्यानं रात्रीची झोप तुटते, विदर्भात दुपारची घसरण अकरापासूनच सुरू झाल्यासारखी वाटते. नाशिकच्या त्या बाईला एप्रिलच्या मध्यापासून जुळवणी साडेसातला आणावी लागेल, कारण शाळेचा डबा नाही आणि गच्चीकडच्या खोलीत साडेदहानंतर बसवत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पुन्हा वही काढायची, आकडे टाकायचे, आणि नऊचं काम नऊला बसतंय का ते पाहायचं.